बैल घेतला, दात बघायचे राहिले (फोटोसहित खोडी)

कंधारचा_खोडकर | रविवार, रात्री ९:४०

कॉलेजच्या ग्रुपवर फोटो टाकला होता, त्याखाली लिहिलेलं जसंच्या तसं इथं चिकटवतो. तिकडं सगळे नुसते हसले, उपाय एकानंही सांगितला नाही.

"दावणीला नवं जनावर आलंय. जन्म २०१२, रंग काळा, जिथं शिल्लक आहे तिथं. किंमत तेवीस हजार, रुमालाखाली बोटं दाबून ठरली. स्वभावानं गरीब, कारण सकाळी बारा किका मारल्याशिवाय जागचं हलत नाही. हॉर्न वाजवत नाही, हंबरतं. रेस दिली की डोळे वटारतं, सोडली की पेंगतं. उजवीकडं वळायचं म्हटलं की डावा कान हलवतं. मीटरचा काटा शून्यावर आहे आणि कितीही पळवा, शून्यावरच राहतो, म्हणून घरी 'मी हळूच चालवतो' हे पुराव्यासकट सांगता येतं. चालताना पायापाशी पैंजण वाजल्यासारखा आवाज येतो. शेपटीतून निळा धूर सोडतं, त्यामुळं आमच्या होस्टेलच्या गेटवर डास उरले नाहीत. बाकी बिनखोडीचं."

गंमत झाली. आता खरं सांगतो. आमच्या आजोबांनी हाळी-हंडरगुळीच्या बाजारातून आणि माळेगावच्या यात्रेतून आयुष्यभर बैल घेतले. दात बघितल्याशिवाय दाव्याला हात लावला नाही. मी गाडी घरी नेली तर पहिला प्रश्न, "दात बघितलास का?" मी म्हणालो, आबा, गाडीला दात नसतात. ते नुसतं हुं म्हणले.

बाकीच्या खोडींसोबत मी राहीन. धुराचं तेवढं सांगा. गाडी १०० सीसीची आहे. कंपनी विचारू नका, टाकीवरचा बिल्ला उडालाय आणि मला कुणाची बदनामी करायची नाही. आठ दिवस झाले घेऊन. इथल्या गॅरेजवाल्यानं लांबूनच धूर बघून "पिस्टन-बोअर, सहा हजार" म्हणून सांगितलं. माझ्याकडं महिन्याच्या मेसचे पैसे सोडून साडेआठशे रुपये आहेत.

सुसाट_लातूरकर | रविवार, रात्री ९:५८

भावा, लई हसलो. हे बघ, निळा धूर म्हणजे ऑइल जळायलंय, एवढं पक्कं. काळा असता तर पेट्रोल जास्त जातंय म्हणलो असतो. आता सोपा इलाज, आहे ते ऑइल काढ आणि वीस-पन्नास टाक. जाड ऑइल रिंगांच्या फटीतून वर चढत नाही. माझ्या गाडीत दोन वर्षांपासून तेच आहे, धूर बंद. साडेआठशेत भागतं, वर चहा पण होईल.

गोविंदराव_देवणी | रविवार, रात्री १०:१५

देवणी आहे का लाल कंधारी? फोटो उघडत नाही. जन्म २०१२ म्हणजे जनावर थकलेलं आहे, तेवीस हजार जास्त दिले. बारा वर्षांच्या पुढच्या बैलाला दात बघून काय उपयोग, ते जुळून झिजलेले असतात. शिंगाच्या वळ्या मोजायच्या.

कंधारचा_खोडकर | रविवार, रात्री १०:१८

काका, मोटारसायकल आहे.

पाना_सोळा | सोमवार, सकाळी ६:५०

परभणीला माझं गॅरेज होतं, आता मुलगा बघतो. पोरा, तुझ्या धुराबद्दल कुणीही न विचारता सहा हजार सांगत असेल तर तिथून गाडी ढकलत का होईना बाहेर आण. धूर निळा आहे एवढ्यावर इंजिन उघडत नाहीत. तो कधी येतो, ते आधी विचारायचं असतं.

तू नुसतं "धूर येतो" म्हणालास. मला हे सांग. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू केली की पहिल्या मिनिटाला येतो आणि मग थांबतो, का गाडी तापल्यावरही येतच राहतो? चढाला रेस दिली की वाढतो, का उतारावर रेस सोडून पुन्हा दिली की एकदम भपका येतो? पहिल्या दिवसापासून एवढाच होता का मधेच वाढला?

आणि सुसाट, तुझं ऑइल जळतंय हे बरोबर, पण जाड ऑइलनं दुखणं झाकतं. विकणारे हेच करतात. विकायच्या आदल्या दिवशी जाड ऑइल भरतात, घेणाऱ्याला चार दिवस धूर दिसत नाही. ह्याच्या गाडीतही तेच असेल, बघितल्याशिवाय सांगता येत नाही.

कंधारचा_खोडकर | सोमवार, दुपारी १:३०

मामा, घेतली त्या दिवशी फक्त सकाळी थोडासा यायचा, पांढरट-निळा, मिनिटभरात बंद. चौथ्या दिवसापासून कायम यायलाय, थांबायचं नावच नाही. आसना पुलावर मागच्या रिक्षावाल्यानं मला शिव्या दिल्या. चढ-उताराचं नक्की नाही सांगता येत, नांदेडात चढ कुठंय.

ऑइल कमी नाही. उलट मी काळजी घेतो, भरलेलं आहे.

रूम_नंबर_बारा | सोमवार, दुपारी १:४४

मी ह्याचा रूममेट. "काळजी घेतो" म्हणे. तिसऱ्या दिवशी ह्यानं पार्किंगमध्ये गाडी साइड स्टँडवर लावून ऑइलची पिन काढली, टोकाला जरासं लागलेलं होतं. म्हणाला, बापरे, ऑइल संपलं. दोनशे मिली ओतलं. पुन्हा साइड स्टँडवरच बघितलं, तरी कमी. मग अजून तीनशे. पैसे माझे होते म्हणून आकडा पाठ आहे.

पाना_सोळा | सोमवार, दुपारी २:०५

सापडलं बहुतेक.

साइड स्टँडवर गाडी डावीकडं कलते. ह्या गाड्यांत पिन उजव्या बाजूच्या झाकणात असते. म्हणजे ऑइल सगळं पलीकडं सरकतं आणि पिनेला कोरडं लागतं. तुझं ऑइल तेव्हाही बरोबर असणार. इंजिनात एकूण मावतं लिटरच्या आसपास, त्यात तू अर्धा लिटर वरून ओतलास.

जास्त झालेलं ऑइल आत घुसळून फेस होतं. त्याची वाफ इंजिनाच्या श्वासाच्या नळीतून एअर फिल्टरच्या डब्यात जाते, तिथून कार्बोरेटरमधून परत इंजिनात, आणि जळते. रिंगा चांगल्या असल्या तरी धूर येतो. तपासणं फुकट आहे. एअर फिल्टरचं झाकण उघड. फिल्टर ऑइलनं भिजलेला असेल आणि डब्याच्या तळाला थारोळं असेल तर माझं खरं.

मग गाडी चार-पाच मिनिटं चालू ठेव, ऑइल गरम होऊ दे, बंद कर, डबल स्टँडवर सपाट जागी लाव आणि खालचा बोल्ट काढून सगळं ऑइल मापाच्या बाटलीत घे. किती निघालं ते सांग. नवीन भरताना डब्यावर मोटारसायकलचं लिहिलेलं बघून घे, चारचाकीचं नको. आपल्या गाडीत क्लच त्याच ऑइलात बुडालेला असतो, कारच्या ऑइलनं तो घसरायला लागतो. आणि पिन बघताना आटे फिरवून घट्ट करायची नाही, पुसून नुसती टेकवायची.

सुमनताई_हिंगोली | सोमवार, दुपारी ३:२०

तुमच्या फोटोत नंबरप्लेटचा पहिला भाग दिसतोय, एमएच ३८, म्हणजे आमच्या हिंगोलीची गाडी. म्हणून विचारते, धूर राहू द्या, आरसी कुणाच्या नावावर आहे?

माझ्या भावानं तीन वर्षांपूर्वी गाडी विकली. घेणाऱ्यानं "पुढच्या आठवड्यात नावावर करतो" म्हणून सांगितलं, आम्ही सही करून फॉर्म दिले आणि विसरलो. त्यानं ती पुढं विकली, त्यानं अजून पुढं. गेल्या दिवाळीनंतर अपघाताच्या दाव्याची नोटीस आली ती माझ्या भावाला. गाडी कुणाकडं आहे हेसुद्धा आम्हाला माहीत नव्हतं. वकिलांनी सांगितलं की २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय, आरसीवर ज्याचं नाव तोच मालक धरतात. अजून तारखा चालू आहेत.

कंधारचा_खोडकर | सोमवार, सायंकाळी ५:१०

ताई, आरसीवर हिंगोलीच्या एका काकांचं नाव आहे. मी घेतली नांदेडच्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानातून. त्यांनी २९ आणि ३० नंबरचे फॉर्म दिलेत, सही आहे, तारीख आणि माझं नाव कोरं आहे. म्हणाले, "घाई नाही, कधीपण करा."

सुमनताई_हिंगोली | सोमवार, सायंकाळी ५:३२

"कधीपण" हाच शब्द आम्हालाही वापरला होता. विकणाऱ्यानं चौदा दिवसांत आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. तुमचे आठ गेले. त्या काकांना आधी फोन करा. सही त्यांचीच आहे का विचारा. parivahan.gov.in वर गाडीचा नंबर टाकून बँकेचा बोजा दिसतो का ते बघा, असेल तर बँकेचा फॉर्म ३५ लागेल. चेसिस नंबर आरसीशी जुळवून बघा, हँडलच्या खाली नळीवर कोरलेला असतो, चिखल पुसावा लागेल.

अजून एक. २०१२ ची गाडी म्हणजे पंधरा वर्षं २०२७ ला भरतात. त्यानंतर नोंदणीचं नूतनीकरण करून घ्यावं लागतं, गाडी नेऊन दाखवावी लागते. दुकानदारानं हे सांगितलं नसेल.

सुसाट_लातूरकर | सोमवार, सायंकाळी ६:००

ताई, तुम्ही पोराला घाबरवू नका. आमच्या गावात अर्ध्या गाड्या मेलेल्या माणसांच्या नावावर पळतात.

सुमनताई_हिंगोली | सोमवार, सायंकाळी ६:०४

मेलेल्याला नोटीस येत नाही. माझा भाऊ जिवंत आहे.

वाळूजचा_फिटर | सोमवार, रात्री ८:४५

वाळूज एमआयडीसीत शिफ्टला आहे, आत्ता वाचलं. धुराचं मामा बघायलेत, मी पैंजणाबद्दल बोलतो. पायापाशी छनछन म्हणजे चैन ढिली होऊन कव्हरला घासतीय. नुसती ओढून घेऊ नकोस. आधी चैन कव्हर काढून मागच्या चक्राच्या दातांचा जवळून फोटो टाक. आणि चक्राच्या अगदी मागच्या टोकाला चैन चिमटीत धरून मागं ओढ. दातापासून सुटून अर्धा दात उघडा पडत असेल तर चैन लांबलीय.

आणि हेडलाइटची ती डोळे वटारायची गंमत, ती खोड नाही. त्या काळच्या शंभर सीसीच्या गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नसायचा, इंजिनातल्या कॉइलवर थेट चालायचा. रेस कमी तर उजेड कमी. शोरूममधून नवी निघाली तेव्हाही तसंच होतं. हॉर्न मात्र बॅटरीवर असतो. तो हंबरत असेल तर बॅटरी मरायला टेकलीय. डाव्या कानाचं म्हणशील तर कुणीतरी वायरी उलट्या जोडल्यात, दहा मिनिटांचं काम.

कंधारचा_खोडकर | मंगळवार, रात्री ९:१५

सगळ्यांना एकत्र लिहितो.

फिल्टरचं झाकण उघडलं. मामा, थारोळं नाही, विहीर होती. फिल्टर पिळला तर ऑइल निघालं. मग तुम्ही सांगितलं तसं गरम करून डबल स्टँडवर ऑइल काढलं. रूम नंबर बाराच्या पाण्याच्या बाटलीत मोजलं (तो दोन दिवसांपासून बोलत नाही). दीड लिटरला थोडंसं कमी भरलं. नवीन नऊशे मिली ओतलं, पिन टेकवून बघितली, दोन रेषांच्या मधोमध. फिल्टर नवा बसवला, डबा फडक्यानं पुसला. सगळे मिळून पाचशे चाळीस गेले.

चालू केल्यावर पहिली दहा मिनिटं आणखीच धूर. मी घाबरलो. मग कमी कमी होत गेला आणि विष्णुपुरीला जाऊन येईपर्यंत बंद! रिक्षावाला भेटला असता तर त्याला थांबवून दाखवलं असतं.

आणि फिटरदादा, कव्हर काढलं. फोटो टाकलाय. दात सगळे एका बाजूला कललेत, मांजराच्या नखासारखे. दोन ठिकाणी तर दात बोथट होऊन उरलाच नाही. हाच फोटो आबांना दाखवला. ते म्हणले, "नसतात म्हणत होतास ना?" आता दुपारपासून गल्लीत येईल त्याला सांगायलेत.

वाळूजचा_फिटर | मंगळवार, रात्री ९:४०

आबांना नमस्कार सांग. हे दात गेले. नुसती चैन बदलू नकोस, नवी चैन ह्या नखांवर घातलीस तर तीही लवकर लांबेल. चैन, मागचं चक्र आणि पुढचं छोटं चक्र, तिन्हीचा संच येतो, एकदमच बदलायचा. पैसे जमेपर्यंत हळू चालव आणि चैनीला मधोमध दोन-अडीच सेंटीमीटर खेळ ठेव. जास्त ताणलीस तर खड्ड्यात तुटेल.

मीटर किती दाखवतो? हे दात बघता गाडी बरीच पळालीय.

कंधारचा_खोडकर | मंगळवार, रात्री ९:४४

तेवीस हजार चारशे किलोमीटर. मला वाटलं एका रुपयाला एक किलोमीटर, सौदा चांगला जमला.

पाना_सोळा | बुधवार, सकाळी ६:४०

मीटरचा काटा शून्यावरच राहतो म्हणालास ना, म्हणजे केबल तुटलीय. मग तो आकडा केबल तुटली त्या दिवसाचा आहे. पाय ठेवायच्या रबराकडं बघ, ब्रेकच्या पायपट्टीकडं बघ. पट्टीवरच्या रेघा घासून लोखंड गुळगुळीत झालं असेल. मीटर खोटं बोलतो, पायपट्टी बोलत नाही.

आता धूर. पहिली दहा मिनिटं जास्त आला तो सायलेन्सरमध्ये साचलेलं ऑइल जळत होतं, त्याचं काही नाही. पण तू गाडी घेतली त्या दिवशी सकाळी मिनिटभर येत होता, तो तुझ्या अर्ध्या लिटरच्या आधीचा आहे. तो आज सकाळी आला का? रात्रभर उभी ठेवून बघ आणि कुणालातरी मागं उभं कर.

रूम_नंबर_बारा | बुधवार, सकाळी ७:३५

मला उभं केलं. आला. थोडासा निळा, मोजून चाळीस सेकंद, मग साफ. माझा शर्ट धुवायचा खर्च ह्याच धाग्यात मागतो.

पाना_सोळा | बुधवार, दुपारी १२:१०

मग हे वॉल्वचे सील. वॉल्वच्या दांडीवर रबराची टोपी असते, ती वयानं कडक होते. रात्रभरात वरचं ऑइल थेंब थेंब खाली झिरपतं आणि सकाळी जळून जातं. गाडी वापरता येते. सील बदलायला हेड उतरवावं लागतं, पण बोअरला हात लावायची गरज नाही, सहा हजारांचं काम नाही ते.

रिंगा गेलेल्या असत्या तर गाडी तापल्यावर, रेस देताना धूर वाढला असता. तरी खात्रीसाठी इंजिन चालू असताना श्वासाची नळी फिल्टरच्या डब्यापासून काढून बघ. तिच्यातून भकाभका धूर फेकत असेल तर रिंगा. नुसती हलकी हवा असेल तर नाही. प्लगही काढून बघ, ओला काळा असेल तर ऑइल वर येतंय.

वाळूजचा_फिटर | बुधवार, दुपारी २:५०

मामा, एका गोष्टीवर माझं मत वेगळं आहे. तेरा-चौदा वर्षांची गाडी, दात असे झिजलेले, म्हणजे रिंगा अगदी ठणठणीत असतील असं मला वाटत नाही. सकाळच्या बारा किका विसरू नका. दाब कमी असला तरी तसंच होतं. हेड एकदा उतरवलंच तर बोअर मोजून घ्यावा, नाहीतर दोनदा मजुरी.

पाना_सोळा | बुधवार, दुपारी ३:१५

बारा किका चोक न ओढल्यानंही लागतात. पोरा, चोक ओढतोस का?

कंधारचा_खोडकर | बुधवार, दुपारी ३:२१

चोक कुठं असतो?

पाना_सोळा | बुधवार, दुपारी ३:२२

कार्बोरेटरच्या बाजूला काळा खटका. सकाळी वर कर, गाडी चालू झाली की मिनिटभरानं खाली. खाली करायला विसरलास तर उद्या काळ्या धुराचा धागा काढशील.

सुसाट_लातूरकर | बुधवार, सायंकाळी ७:००

मी अजून म्हणतो, सील बदलेपर्यंत वीस-पन्नास टाकलं असतं तर सकाळचा धूरही गेला असता. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री असतं, पातळ ऑइल पाणी होतं. मामांचा अनुभव मोठा आहे, पण माझी गाडी पळायलीय ना?

पाना_सोळा | बुधवार, रात्री ८:२०

पळू दे. हिवाळ्यात सकाळी किक मारताना हेडकडून टकटक ऐकू आली की मला आठव.

गोविंदराव_देवणी | बुधवार, रात्री ८:३१

आमच्या पुतण्याची गाडी आहे तशीच, ती पण धूर सोडते. त्याला साइड स्टँडचं सांगितलं. त्यानं कबूल केलं. पण वळ्यांचं मी म्हणालो ते बैलाला खरं आहे.

कंधारचा_खोडकर | शनिवार, रात्री १०:०५

चोक ओढून तिसऱ्या किकला चालू झाली. नळी काढून बघितली, हात धरला तर हलकी गरम हवा, धूर नाही म्हणण्याइतका. प्लग मात्र जरा ओलसर होता, त्यामुळं मामा आणि फिटरदादा दोघंही आपापलं खरं मानू शकता.

हिंगोलीच्या काकांना फोन लागला. त्यांनी गाडी दुकानदाराला नाही, भाच्याला दिली होती. भाच्यानं कुणाला दिली ते त्यांना माहीत नाही. फॉर्मवरची सही फोटो पाठवून दाखवली तर म्हणले, "माझ्यासारखीच आहे, पण मी शेवटाला रेघ ओढतो." सोमवारी हिंगोलीला चाललोय. समोर बसून नवीन फॉर्मवर सही घेतो. बोजा काही दिसत नाही, चेसिस नंबर जुळला. विमा मात्र दीड वर्षापूर्वी संपलाय. आरटीओत विमा आणि पीयूसी दोन्ही मागतात म्हणे, म्हणजे धूर गेला ते एका अर्थी वेळेवर गेला.

सुमनताई_हिंगोली | शनिवार, रात्री १०:२०

विमा संपलेल्या गाडीवर हिंगोलीला येऊ नका. एसटीनं या. काकांच्या आधारकार्डाची प्रत सोबत घ्या आणि सहीखाली तारीख त्यांच्याच हातानं टाकून घ्या.

पाना_सोळा | रविवार, सकाळी ७:०५

ऑइलचं एक काम राहिलं. आत्ता पिन दोन रेषांच्या मधोमध आहे ना? विमा काढल्यावर पाचशे किलोमीटर पळव आणि पुन्हा बघ, डबल स्टँडवर. थोडं उतरलं तर सील. खालच्या रेषेच्या खाली गेलं तर फिटर म्हणतो ते खरं, मग बोअर मोजू.

कंधारचा_खोडकर | रविवार, सकाळी ९:४०

मामा, मीटर बंद आहे, पाचशे कसे मोजू?

रूम_नंबर_बारा | रविवार, सकाळी ९:४३

नांदेड ते कंधार पन्नासेक किलोमीटर. पाच वेळा घरी जाऊन ये. प्रत्येक वेळी येताना भाकरी आण, मी भिंतीवर खडूनं रेघ मारतो.